ग्राहक तक्रारीला जोडायचे प्रतिज्ञापत्र (गोवा)

ग्राहक आयोगापुढील तक्रारीत तक्रारदार शपथेवर जे तथ्य सांगतो, त्याचे क्रमांकित परिच्छेदांत लिहिलेले आणि नोटरीसमोर सही केलेले निवेदन म्हणजे हे प्रतिज्ञापत्र. गोव्यात बोलताना सर्रास ‘अ‍ॅफिडेव्हिट’ म्हणतात. तक्रारीत मागणी, कायद्याचे मुद्दे आणि थोडाफार संतापही मावतो. प्रतिज्ञापत्रात यांपैकी काहीच बसत नाही. तिथे फक्त काय घडले आणि ते कोणत्या कागदावरून दिसते, एवढेच यावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८(६) नुसार जिल्हा आयोग तक्रारीची सुनावणी प्रतिज्ञापत्र आणि कागदोपत्री पुरावा यांच्या आधारे करतो. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करून तासभर विचारपूस करणे हा इथला नेहमीचा मार्ग नाही. दिवाणी दाव्यात तोंडी साक्षीत जे सावरून घेता येते, ते इथे कागदावरच नीट उतरलेले असावे लागते. प्रकरणात साधारणपणे दोन प्रतिज्ञापत्रे येतात. पहिले तक्रारीबरोबर जाते. दुसरे विरुद्ध पक्षाचे लेखी म्हणणे आल्यावर पुरावा म्हणून दाखल होते. ही नोंद पहिल्याविषयी आहे, पण ते नीट झाले असेल तर दुसऱ्यासाठी फारसे नव्याने लिहावे लागत नाही.

उदाहरणासाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. डिचोलीत राहणाऱ्या आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी १४ मार्च २०२५ रोजी म्हापशातल्या दुकानातून ३२,५०० रुपयांना फ्रीज घेतला. जुलैत फ्रीज थंड होईनासा झाला. ७ जुलैला कंपनीचा तंत्रज्ञ आला, तेव्हा गृहस्थ कामावर होते आणि घरी पत्नी होती. तंत्रज्ञाने जॉबशीटवर ‘कूलिंग ओके’ लिहिले आणि पत्नीने त्यावर सही केली. २१ जुलैला तो पुन्हा आला. या वेळी गृहस्थ घरी होते आणि जॉबशीटवर ‘गॅस लीक, कॉम्प्रेसर तपासणे’ अशी नोंद झाली. ४ ऑगस्टला कंपनीने ईमेल पाठवून कळवले की बिघाड व्होल्टेजच्या चढउतारामुळे झाला असून तो वॉरंटीत बसत नाही. १८ ऑगस्टला स्पीड पोस्टाने नोटीस गेली आणि २० तारखेला ती पोचली. उत्तर आले नाही, आणि चवथीला घरात चालू फ्रीज नव्हता.

बहुतेकांचा पहिला मसुदा असा असतो: ‘विरुद्ध पक्षांनी संगनमताने निकृष्ट फ्रीज माझ्या गळ्यात मारून माझी घोर फसवणूक केली.’ या वाक्यात शपथेवर सांगता येईल असे काहीच नाही. संगनमत झाले हे गृहस्थांनी पाहिलेले नाही. निकृष्टपणा हे मत आहे, आणि फसवणूक हा निष्कर्ष आयोगाने काढायचा आहे. उत्पादनातच दोष होता हेसुद्धा तक्रारदाराने स्वतःच्या माहितीवर सांगू नये. विश्लेषण किंवा चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर वस्तूचा नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कलम ३८(२) मध्ये आहे. फ्रीज थंड होत नव्हता हे मात्र त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून तेवढेच लिहावे.

पहिले दोन परिच्छेद दिसायला औपचारिक असतात, पण प्रकरण अनेकदा तिथेच अडते. ‘मी डिचोली तालुक्यात वरील पत्त्यावर राहतो’ हे वाक्य अधिकारक्षेत्र ठरवते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते. त्यामुळे हे प्रकरण पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे नेता येईल. वेर्ण्यातल्या नोकरीचा आधार घेतला तर मडगावच्या दक्षिण गोवा आयोगाकडेही जाता येईल, पण मग पत्त्याच्या पुराव्याऐवजी नोकरीचा कागद जोडावा लागेल. दुसरा परिच्छेद वापराविषयीचा: ‘सदर फ्रीज मी घरगुती वापरासाठी घेतला.’ गोव्यात या वाक्याला जरा जास्तच वजन आहे. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ नाही हा बचाव लगेच येतो. बिलावर खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक छापलेला असेल, तर घरगुती वापराचे वाक्य त्या बिलाशीच भांडते. असे असल्यास वाक्य तसेच रेटू नये. आधी वकिलाशी बोलून खरी स्थिती काय ती लिहावी.

त्यापुढचे परिच्छेद एक घटना, एक तारीख, एक कागद या मापाने चालतात. वरच्या प्रकरणात दुकान विरुद्ध पक्ष क्र. १ आणि कंपनी विरुद्ध पक्ष क्र. २ धरली, तर ते साधारण असे येतील:

३. दि. १४ मार्च २०२५ रोजी मी विरुद्ध पक्ष क्र. १ यांच्या म्हापसा येथील दुकानातून फ्रीज रु. ३२,५०० ला विकत घेतला. बिलाची प्रत निशाणी ‘अ’ आणि वॉरंटी कार्डाची प्रत निशाणी ‘ब’ म्हणून जोडली आहे.

४. दि. २ जुलै २०२५ रोजी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात थंडावा येत नसल्याचे मी पाहिले आणि त्याच दिवशी विरुद्ध पक्ष क्र. २ च्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक दर्शवणाऱ्या संदेशाची प्रत निशाणी ‘क’ आहे.

५. दि. ७ जुलै २०२५ ची जॉबशीट निशाणी ‘ड’ आहे. तीवर ‘कूलिंग ओके’ अशी नोंद असून माझ्या पत्नीची सही आहे. त्या वेळी मी घरी नव्हतो.

६. दि. ९ जुलै २०२५ रोजी मी पुन्हा तक्रार नोंदवली. त्या संदेशाची प्रत निशाणी ‘इ’ आहे.

पाचवा परिच्छेद वगळण्याचा मोह होतो, कारण तो कागद तक्रारदाराच्या विरुद्ध जातो. पण त्याची दुसरी प्रत कंपनीकडे आहे आणि ती लेखी म्हणण्यासोबत येणारच. आपणच पुढे ठेवलेल्या प्रतिकूल कागदाला संदर्भ देता येतो. इथे दोनच दिवसांत नोंदवलेली पुढची तक्रार तो संदर्भ देते. समोरच्याने तोच कागद बाहेर काढला, तर तक्रारदाराच्या बाकीच्या परिच्छेदांकडेही संशयाने पाहिले जाते.

७ जुलैला घरात काय झाले, हे गृहस्थांना पत्नीकडून कळले. ‘सही केली तरच पुढची तक्रार घेता येईल, असे तंत्रज्ञाने पत्नीला सांगितले’ हे वाक्य त्यांच्या प्रतिज्ञापत्रात ऐकीव ठरते. ते पत्नीनेच सांगावे. तिचे तीन-चार परिच्छेदांचे वेगळे प्रतिज्ञापत्र जोडले की काम होते: मी कोण, त्या दिवशी घरी होते, तंत्रज्ञ काय म्हणाला, निशाणी ‘ड’ वरची सही माझी. पैसे मुलाच्या यूपीआय खात्यातून गेले असतील तर तिथेही हाच विचार करावा. बिल तक्रारदाराच्या नावावर असेल, तर ‘रक्कम माझ्या मुलाने माझ्या वतीने भरली’ असे लिहून खात्याचा उतारा जोडणे बहुधा पुरते.

जॉबशीट आणि ईमेल यांतले शब्द जसेच्या तसे अवतरणात द्यावेत. ‘कॉम्प्रेसर तपासणे’ याचे ‘कॉम्प्रेसर निकामी झाल्याचे कंपनीने मान्य केले’ असे रूपांतर अगदी सहज होते, आणि तेवढ्यानेच परिच्छेद खोटा ठरतो. व्होल्टेजच्या मुद्द्याचा प्रतिवादही सुचेल तसा करू नये. ‘आमच्याकडे व्होल्टेज व्यवस्थित असते’ हे विधान बार्देशपासून सत्तरीपर्यंत, ऐन पावसाळ्यात, कोणी हसण्यावारी नेईल. स्टॅबिलायझर लावला असेल तर त्याचे बिल जोडावे. नसेल, तर दोन्ही जॉबशीटांवर व्होल्टेजविषयी काहीही नोंद नाही एवढेच नमूद करावे. हे कागदावरून दिसते आणि त्यातच मुद्दा येतो.

नुकसानीच्या परिच्छेदात पावती असलेला खर्च आकड्यासह लिहावा. नासलेल्या मासळीचे बिल कोणाकडेच नसते. त्या रकमेचा अंदाज प्रतिज्ञापत्रात घालण्यापेक्षा, फ्रीज किती काळ बंद होता हे तारखांनी दाखवावे आणि भरपाईची मागणी तक्रारीत ठेवावी.

व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडताना स्क्रीनशॉटवर क्रमांक आणि तारीख दिसली पाहिजे आणि मूळ संदेश फोनमध्ये राहू द्यावा. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची तरतूद आहे. आयोगाची कार्यपद्धती संक्षिप्त असली, तरी हा आक्षेप घेतला जातो, म्हणून प्रमाणपत्र आधीच जोडलेले बरे.

शेवटच्या सत्यापनाकडे लोक छापील मजकूर म्हणून पाहतात. ‘वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व विश्वासाप्रमाणे खरा आहे’ या सरसकट वाक्यातून कोणती गोष्ट स्वतः पाहिली आणि कोणती कागदावरून कळली, हे समजत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या पुरुषोत्तम जोग नाईक प्रकरणात आणि पुढे ए. के. के. नंबियार प्रकरणात सत्यापनात हा भेद स्पष्ट करण्यावर भर दिला. त्यामुळे परिच्छेदांचे क्रमांक देऊनच लिहावे: परिच्छेद १ ते ४ आणि ६ माझ्या स्वतःच्या माहितीने खरे, परिच्छेद ५ मधील जॉबशीटचा मजकूर त्या कागदावरून. कायद्याविषयी काही लिहिलेच असेल, तर ते सल्ल्यावरून असल्याचे सांगावे. परिच्छेदांना क्रमांक द्यायचे खरे कारण हेच आहे. जाणूनबुजून खोटे विधान केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ आणि २२९ खाली खोट्या पुराव्याचा गुन्हा होऊ शकतो.

गोव्यात हे दस्तऐवज बहुतेक वेळा इंग्रजीत टाइप होतात. सही करणारा मराठी किंवा कोकणीच वाचत असेल, तर मजकूर त्याला त्याच्या भाषेत वाचून समजावल्याची ओळ सहीजवळ असावी, आणि तो खरोखर समजावलेला असावा. आणखी एक नेहमीची अडचण नावाची. पोर्तुगीज वळणाने लिहिलेले आडनाव घराच्या जुन्या कागदावर एक आणि आधारवर दुसरे असते, दुकानदार बिलावर तिसरेच लिहितो. या तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा एक छोटा परिच्छेद पुढचा वाद टाळतो.

सही नोटरीसमोरच करावी. तारखेची जागा कोरी ठेवलेले, घरीच सही करून पाठवलेले प्रतिज्ञापत्र नोटरीच्या नोंदवहीशी जुळत नाही. प्रत्येक पानावर सही आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी आद्याक्षरी असावी. निशाणीची अक्षरे तक्रारीत, प्रतिज्ञापत्रात आणि अनुक्रमणिकेत एकच हवीत. ऐनवेळी एखादा कागद मध्ये घातला की पुढची सगळी अक्षरे सरकतात आणि जॉबशीटच्या जागी ईमेल येतो. ऑनलाइन दाखल करताना तर ही चूक ठळक दिसते.

विरुद्ध पक्षाला उलटतपासणी हवी असेल, तर आयोग बहुधा लेखी प्रश्नावलीला परवानगी देतो. ती जवळजवळ नेहमी कागद नसलेल्या परिच्छेदांवर बेतलेली असते. परिच्छेद ३ वर विचारण्यासारखे फारसे उरत नाही, कारण बिल त्यांचेच आहे. परिच्छेद ४ मधले ‘मी पाहिले’ यावर मात्र प्रश्न येतील: किती वाजता, थर्मोस्टॅट कोणत्या आकड्यावर होता, दार नीट लागत होते का. या प्रश्नांची उत्तरे सही करण्याआधीच एका साध्या कागदावर लिहून ठेवावीत. जे आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असेच लिहावे, कारण शपथेवर तेही उत्तर चालते.