केळी सगळी एकदम का पिकतात, आणि हवी तेव्हा एकसारखी का पिकत नाहीत

गेल्या श्रावणात मामा यावलहून आले ते पाच फण्या केळी घेऊनच. सगळी हिरवीगार, आणि आमच्याकडे सत्यनारायण होता शुक्रवारी. रविवारची संध्याकाळ. आईचं म्हणणं सरळ होतं, दोन फण्या शुक्रवारी सकाळी पिवळ्याधम्मक पाहिजेत आणि उरलेल्या तीन त्याच्या पुढच्या आठवड्यात पुरल्या पाहिजेत. आदल्या वर्षी मी सगळी केळी प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात झाकण लावून ठेवली होती, तर तिसऱ्या दिवशी डब्याला आतून पाणी सुटलेलं, देठांवर बुरशी, आणि केळ्यांना आंबल्यासारखा वास. म्हणून यावेळी नीट समजून घेऊन करायचं ठरवलं.

केळं झाडावरून काढलं तरी ते जिवंत असतं, श्वास घेत असतं. पिकायची वेळ झाली की ते इथिलीन नावाचा वायू सोडतं, आणि गंमत म्हणजे तोच वायू बाहेरून थोडासा जरी लागला तरी केळं स्वतःचं इथिलीन बनवायला लागतं, मग ते अजून बनतं, शेजारच्याला लागतं, आणि एका केळ्यापासून सुरू झालेलं दोन दिवसात अख्ख्या फणीत पसरतं. एकदा ही साखळी सुरू झाली की ती परत मागे नेता येत नाही, फक्त थंडीने तिचा वेग कमी करता येतो. आतल्या स्टार्चची साखर होणं, गर मऊ पडणं, सालीतला हिरवा रंग जाऊन पिवळा दिसणं हे सगळं त्याच्या मागोमाग येतं. म्हणून केळी टिकवायची तर तो वायू साचू द्यायचा नाही, आणि पिकवायची तर मुद्दाम साचवायचा.

आता एकसारखी का पिकत नाहीत? कारण सगळ्या केळ्यांचं वय एक नसतं. घडात देठाकडची पहिली फणी आधी उमललेली असते, म्हणजे ती थोरली, आणि टोकाकडची धाकटी. हे बाजारात घेतलेल्या केळ्यांतही बघून ओळखता येतं. केळ्यावरून बोट फिरवा, कंगोरे टोचत असतील तर केळं अजून कोवळं, आणि कंगोरे जाऊन ते गोलसर भरलेलं असेल तर पूर्ण तयार. कोवळं आणि तयार एकत्र ठेवली तर तयार आधी सुटतात आणि कोवळी मागे राहतात, आणि फारच कोवळं असेल तर पिवळं झालं तरी गोडी येत नाही. म्हणून मी पाच फण्या जमिनीवर मांडून दोन भरलेल्या वेगळ्या काढल्या, त्या पूजेच्या, आणि तीन कंगोरेवाल्या टिकवायच्या, कारण त्या तशाही उशिरा सुरू होणार होत्या.

पूजेच्या दोन फण्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली वर्तमानपत्र, एकावर एक न रचता, आणि मध्ये दोन चांगली पिकलेली केळी. पिकलेलं सफरचंद, पेरू, चिकू काहीही चालतं, हे सगळे इथिलीन सोडतात. संत्री-मोसंबी, द्राक्षं मात्र इथे कामाची नाहीत, ती फारच कमी सोडतात. खोकं बंद करून एक दिवस ठेवलं, सोमवारी रात्री उघडून पंधरा मिनिटं हवा लागू दिली आणि परत बंद केलं. हे उघडणं महत्त्वाचं आहे, कारण केळी श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो फार साचला की तोच पिकणं अडवतो, आणि ऑक्सिजन संपला की फळ आंबतं, माझ्या प्लॅस्टिकच्या डब्यात नेमकं तेच झालं होतं. पुठ्ठ्यातून थोडी हवा येते-जाते आणि तो ओलही शोषतो. मंगळवारी रात्री केळी बाहेर काढली तेव्हा ती अजून हिरवीच होती, जरा फिकट एवढंच, आई म्हणाली काहीच झालं नाही की रे. पण तोपर्यंत सगळ्यांना एकदमच सुरुवात मिळालेली असते, पुढचं काम केळी आपली आपण करतात. बुधवारी पोपटी, गुरुवारी पिवळी पण देठ आणि टोक हिरवं, शुक्रवारी सकाळी पूर्ण पिवळी, दोन्ही फण्या सारख्या.

व्यापारी रायपनिंग चेंबरमध्ये हेच मोजूनमापून करतात. साधारण 16 ते 18 अंश सेल्सिअस तापमान, भरपूर ओलावा, इथिलीन 100 पीपीएमच्या आसपास म्हणजे हवेच्या दहा लाख भागात फक्त शंभर भाग, मग दार उघडून हवा बदलायची. त्यामुळे एकसारखं पिवळं केळं दिसलं की कार्बाइडचं आहे असं धरून चालू नका. कॅल्शियम कार्बाइडवर आपल्याकडे बंदी आहे आणि ती योग्यच आहे, त्यातून अ‍ॅसिटिलीन निघतो आणि सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. पण इथिलीन हा केळ्याचा स्वतःचाच वायू, आणि तो नीट दिला तरी रंग एकसारखाच येतो, नुसत्या रंगावरून फरक कळत नाही.

उन्हाळ्यात वेगळीच अडचण होते. खोलीत 30 अंशांच्या वर गेलं की आपल्या नेहमीच्या जी-नाइन, बसराईसारख्या केळ्यांत सालीतला हिरवा रंग तुटायचं काम अडतं पण गर मऊ होतच राहतो. बाहेरून हिरवं, दाबलं तर पचपचीत. तेव्हा रंगाची वाट बघत बसलात तर केळं हातचं जातं, देठाजवळ हलकेच दाबून बघा. मे महिन्यात खोकं घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवायचं. हवा कोरडी असेल, विदर्भ-खानदेशात, तर शेजारी ओलं गोणपाट टांगून बराच गारवा मिळतो, कोकणातल्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही.

उरलेल्या तीन फण्या मी खिडकीजवळ, उन्हापासून लांब, दोरीने टांगल्या, एकमेकींना न लागता. टांगल्याने बूड चेपत नाही, आणि चेपलेलं किंवा जखम झालेलं केळं जास्त इथिलीन सोडतं. रोज सकाळी बघायचं, एखादं केळं पिवळं पडायला लागलं की सुरीने देठाच्या तुकड्यासकट कापून बाजूला घ्यायचं. हाताने ओढलं तर मानेजवळ साल फाटते. टोमॅटो, पपई, आंबे त्याच खोलीत नकोत. देठाला प्लॅस्टिक गुंडाळायचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, मी एका फणीवर करून बघितलं, दिवसाचाही फरक नाही पडला. वायू काही फक्त देठातून येत नाही, अख्ख्या फळातून येतो.

फ्रिजचं मात्र नीट लक्षात ठेवा. हिरवं केळं फ्रिजमध्ये कधीच नाही. 13 अंशांच्या खाली त्याच्या पेशींना इजा होते, साल राखाडी पडते आणि बाहेर काढलं तरी ते धड पिकत नाही, आत पिठूळच राहतं. पण हवं तितकं पिकून झालं की खुशाल ठेवा. साल काळी पडते, पण आतला गर तीन-चार दिवस चांगला राहतो.

आमची शेवटची सहा केळी अशीच पुढच्या मंगळवारी फ्रिजमध्ये गेली. शुक्रवारी काढली तेव्हा पार काळी झालेली, आई टाकूनच देणार होती. मी एक सोलून तिच्या हातात दिलं, आत पांढरं, घट्ट, गोड. मग दूध-साखर घालून शिकरण केलं आणि रात्री पोळीबरोबर सगळी संपली.