मावशीच्या बांगड्या मोजताना

क्लिप जेमतेम पाच सेकंदांची होती. मावशी काठवटीत भाकरी थापतेय, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, मागे चूल आणि सारवलेली भिंत. मोबाइलवर काढलेला हा व्हिडिओ मला जलरंगातल्या चित्रासारखा करून हवा होता. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकूण १२५ चित्रं. एआयने ती रंगवलीही झकास, कुठलंही एक थांबवून पाहावं तर चौकट करून भिंतीवर लावण्यासारखं. पण व्हिडिओ चालू केला की मागची भिंत उकळायला लागायची, पदराचा काठ वळवळायचा आणि बांगड्या एका फ्रेममध्ये सहा, पुढच्या फ्रेममध्ये आठ, त्यानंतर पाच.

असं का होतं हे कळायला एक चित्र कसं तयार होतं ते आधी पाहू. स्टेबल डिफ्यूजनसारखं मॉडेल मूळ फोटोवर कॅनव्हास चढवून रंगवत नाही. ते फोटोत आधी मुद्दाम गोंगाट मिसळतं, जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या तसा. मग तो टप्प्याटप्प्याने पुसत जातं आणि पुसताना 'जलरंगातली बाई भाकरी थापतेय' या सूचनेकडे झुकतं. गोंगाट किती मिसळायचा हे आपण ० ते १ या आकड्याने ठरवतो. मी ०.३ ठेवला तेव्हा फोटोवर नुसता रंगीत फिल्टर मारल्यासारखं दिसलं. ०.७ केल्यावर खरं चित्र उमटलं, पण मूळ फोटोतलं बरंचसं गोंगाटात बुडालं आणि मॉडेलने ते स्वतःच्या मनाने भरून काढलं. मनगटावर बांगड्या असतात हे त्याला ठाऊक आहे. मावशीच्या मनगटावर सहाच आहेत हे मात्र गोंगाटाखाली गेलं. प्रत्येक फ्रेमला हा अंदाज नव्याने बांधला जातो, म्हणून आकडा बदलतो.

मग प्रत्येक फ्रेममध्ये तोच गोंगाट मिसळला तर? मीही तेच केलं. भिंतीचं उकळणं खूपच कमी झालं, पण नवीनच गंमत सुरू झाली. मावशीचा हात हलायचा आणि कुंचल्याचे फटकारे मात्र पडद्यावर जागच्या जागी राहायचे, जणू रंगाचे ओघळ उठलेल्या काचेमागे ती बसली आहे. ही अडचण एआयच्या आधीची आहे. डिस्नेत काम करणाऱ्या बार्बरा मायर यांनी १९९६ मध्ये संगणकाने रंगवलेल्या ॲनिमेशनबद्दल लिहिताना न्हाणीघराच्या काचेच्या दाराची उपमा दिली होती. त्यांचा उपाय असा, की फटकारे पडद्याला न चिकटवता वस्तूच्या पृष्ठभागाला चिकटवायचे, म्हणजे वस्तू हलली की रंगही तिच्यासोबत जाईल. त्यांच्याकडे वस्तूंची त्रिमितीय मॉडेलं होती, त्यामुळे हे शक्य झालं. आपल्याकडे असतो फक्त सपाट व्हिडिओ.

तेव्हा वस्तू कुठून कुठे गेली हे व्हिडिओतूनच हुडकावं लागतं. त्याला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. या फ्रेममधला प्रत्येक ठिपका पुढच्या फ्रेममध्ये किती आणि कुठल्या दिशेला सरकला, याचा तो नकाशा असतो. त्या नकाशाबरहुकूम आधीचं रंगवलेलं चित्र सरकवायचं आणि पुढच्या फ्रेमची सुरुवात त्यावरून करायची. जर्मनीत फ्रायबुर्ग विद्यापीठात मानुएल रुडर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये न्यूरल नेटवर्कने व्हिडिओ रंगवताना हीच वाट धरली. पुढच्या बऱ्याच पद्धतींत ती वेगवेगळ्या रूपात सापडते.

भिंत आणि चूल यांना हा उपाय लगेच लागू पडला. हातांनी मात्र घोळ घातला. मावशीचा तळवा भाकरीवरून उठतो तेव्हा खालचा भाकरीचा जो भाग उघडा पडतो, तो आधीच्या फ्रेममध्ये दिसतच नव्हता. तिथे सरकवण्यासारखा रंग नाही. तरी सरकवला तर तळव्याचा तपकिरी रंग भाकरीवर शेपटासारखा ओढला जातो. म्हणून रुडर यांच्या पद्धतीत एक पडताळा आहे. ठिपक्याला पुढच्या फ्रेममध्ये न्यायचं आणि तिथून उलट्या नकाशाने परत आणायचं. निघाल्या जागी तो परतला नाही, तर त्या भागावर विश्वास ठेवायचा नाही, तिथे नव्याने रंगवायचं. पडताळा चोख आहे, पण नव्याने रंगवणं म्हणजे पुन्हा अंदाज, आणि थापताना तळवा दर सेकंदाला दोन-तीनदा उठतो. त्यात वेगामुळे बोटं मूळ व्हिडिओतच पुसट आलेली. पुसट पट्ट्यात चार बोटं की पाच, हे माणसालाही सांगता येणार नाही.

भाकरी तव्यावर टम्म फुगते ती क्लिप वेगळी होती. तिथे झाकलं-उघडलं असं काही नव्हतं, पण पृष्ठभागच ताणला जात होता, आणि त्याच्यासोबत रंगाचे फटकारेही फुग्यावरच्या नक्षीसारखे ताणले गेले. चित्रकार तिथे त्याच जाडीचे आणखी फटकारे मारेल. नकाशाला तेवढं कळत नाही.

बांगड्यांची गोष्ट मात्र निव्वळ हालचालीची नव्हती. २०२२ मध्ये आलेलं मूळ स्टेबल डिफ्यूजन चित्रावर थेट काम करत नाही, आधी त्याची आटवलेली प्रत बनवतं. त्यात ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनाचा एक कप्पा होतो आणि त्याच्यात फक्त चार आकडे असतात. माझी फ्रेम ७६८ ठिपके रुंद होती, म्हणजे आडवे ९६ कप्पे. मावशीचा चेहरा साधारण ६० ठिपके रुंद, म्हणून त्याच्या वाट्याला आडवे सात-आठ कप्पे आले. नाकातली चमकी अर्ध्या कप्प्यातच संपली. ती एका फ्रेममध्ये दिसून पुढच्या फ्रेममध्ये गेली यात नवल नाही. बाह्यरेषा किंवा कुठली वस्तू किती लांब आहे यांचा वेगळा नकाशा मॉडेलला द्यायची सोय, कंट्रोलनेट, २०२३ मध्ये आली. तिने हाताची ठेवण सांभाळली, चमकी नाही. शेवटी मी चेहरा आणि मनगटं कापून, मोठी करून वेगळी रंगवली आणि परत जागेवर बसवली. बांगड्या सहावर टिकल्या.

व्हिडिओ खरंच स्थिर झाला का, हे डोळ्यांना विचारू नये, दहा वेळा पाहिल्यावर डोळे सरावतात. मी प्रत्येक फ्रेममधून त्याच जागची एक ठिपका रुंदीची उभी पट्टी कापतो आणि १२५ पट्ट्या शेजारी शेजारी लावतो. स्थिर भिंतीवरच्या रेषा अशा चित्रात सरळ आडव्या धावतात. लुकलुक असेल तर बारकोडसारखे उभे पट्टे पडतात.

आता काही मॉडेलं एकेक फ्रेम न घेता अनेक फ्रेम एकत्र पाहतात. २०२३ च्या ॲनिमेटडिफमध्ये १६ फ्रेमचा गट असे. गटाच्या आत लुकलुक फारच कमी होते. पण १२५ फ्रेमना असे अनेक गट लागतात, आणि ते एकमेकांवर थोडे चढवून जोडले तरी पहिल्या गटातली हिरवी साडी शेवटच्या गटात मोरपंखी होऊ शकते.

जलरंगाऐवजी कार्टून करायला गेलो तेव्हा अडचण रंगाची उरलीच नाही. हातांनी काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेकदा एक चित्र दोन फ्रेम टिकतं, सेकंदाला साधारण १२ चित्रं. शिवाय चित्रकार हात खाली येण्याआधी तो जरा जास्तच वर नेतो, आपटल्यावर चपटा करतो. माझ्या क्लिपमध्ये कातडी कार्टूनची होती आणि चाल मावशीची. मी एक आड एक फ्रेम गाळून पाहिली. चाल कार्टूनच्या जरा जवळ गेली, लुकलुकही कमी जाणवू लागली. पण काही ठिकाणी नेमकी तळवा भाकरीला टेकतो तीच फ्रेम गळाली होती, त्यामुळे थापल्याचा आवाज यायचा आणि हात हवेतच असायचा. मग १२५ फ्रेम मांडून बसलो, टेकल्याच्या फ्रेम आधी निवडल्या आणि बाकीच्या त्यांच्या हिशोबाने गाळल्या. त्यात अख्खी संध्याकाळ गेली.