दस्त नोंदणीसाठी रजा: अर्धा दिवस की पूर्ण, आणि अर्जाला जोडायचं काय?

दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवायला जायचं ठरलं की लोक स्टॅम्प ड्युटी, चलन, आधार, पॅन सगळं जमवतात आणि रजेचा विचार आदल्या संध्याकाळी करतात. मग ‘खाजगी काम’ एवढंच लिहून अर्ज टाकला जातो, तो परत येतो किंवा नंतर बिनपगारी धरला जातो. अर्ज नाकारणाऱ्यांचा मुद्दा बहुतेक वेळा एकच असतो, तुम्ही तिथे खरंच हजर होता याचा कागद द्या. ‘उपस्थितीचं प्रमाणपत्र’ नावाचा कागद दस्त नोंदणीत मिळतच नाही, आणि ही गोष्ट ना अर्जदाराला माहीत असते ना अर्ज तपासणाऱ्याला. ही माहिती महाराष्ट्रातल्या नोकरदारांसाठी आहे, सरकारी आणि खाजगी दोन्ही.

आधी बघा की जायची गरज आहे का. भाडेकराराची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची, नोंदणी ऑनलाइन होते आणि त्यासाठी कार्यालयात पाऊल टाकावं लागत नाही. बिल्डरकडून पहिल्यांदाच फ्लॅट घेत असाल तर अनेक प्रकल्पांत ई-नोंदणी बिल्डरच्या कार्यालयातच होते. तशी सोय असेल तर शनिवार-रविवारची वेळ मिळते का ते विचारा. पुण्या-मुंबईत काही दुय्यम निबंधक कार्यालयं सुट्टीच्या दिवशीही चालू ठेवली जातात, आणि पुणे शहरात हवेलीच्या कोणत्याही सह दुय्यम निबंधकाकडे दस्त नेता येतो. त्यामुळे घराजवळच्याच कार्यालयाचा हट्ट सोडला तर कदाचित रजाच लागणार नाही. पुनर्विक्रीचा फ्लॅट, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र यांना मात्र सहसा स्वतः जावंच लागतं, कारण फोटो आणि अंगठ्याचा ठसा तिथेच घेतात.

आता स्लॉटबद्दल. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधी दस्ताची डेटा एंट्री करायची, तिचा क्रमांक मिळाला की eStepIn या वेळ राखून ठेवण्याच्या ऑनलाइन सोयीत कार्यालय, तारीख आणि वेळ निवडायची. एवढं सोपं आहे, वकील किंवा एजंट पाच-दहा मिनिटांत करून देतो. घोळ होतो तो वेळेच्या अर्थात. स्लॉटची वेळ ही दस्त सादर करण्याची वेळ आहे, काम संपण्याची नाही. सादरीकरणानंतर फी, मग दस्त आपणच केल्याची प्रत्येक पक्षकाराची कबुली, मग ओळख पटवणाऱ्यांचे फोटो आणि ठसे, मग स्कॅनिंग. मध्ये सर्व्हर बसला की सगळी रांग थांबते, आणि तो बसतो.

म्हणून स्लॉट निवडतानाच स्वतःच्या कार्यालयाची अर्ध्या दिवसाची रेघ कुठे आहे ते पाहा. समजा पहिला अर्धा साडेनऊ ते दीड आणि दुसरा दोन ते सहा. एजंटने पावणेएकचा स्लॉट घेतला तर तुमचे दोन्ही अर्धे गेले. सकाळी येऊन फार तर दोन तास काम होईल आणि परत यायला तीन वाजतील. अशा वेळी अर्ध्या दिवसाचा अर्ज केला तर नंतर वाद अटळ आहे. स्लॉट कार्यालय उघडल्याबरोबरचा घ्या. तो मिळत नसेल तर सरळ पूर्ण दिवस टाका. गृहकर्ज असलेली खरेदी असेल तर लवकरच्या स्लॉटलाही पूर्ण दिवसच धरा, कारण बँकेचा माणूस, विक्रेता, त्याची पत्नी, ओळख पटवणारे दोघं हे सगळे एकाच वेळी एका जागी येणं तुमच्या हातात नसतं. आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र, दोघंही एकाच घरातून निघणार, चलन भरलेलं, असं असेल तर अर्धा दिवस पुरू शकतो.

रजा कोणती? राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला 8 नैमित्तिक रजा असतात आणि ती अर्ध्या दिवसाचीही घेता येते. हे तुमचं खाजगी काम आहे, त्यामुळे कर्तव्यावर समजावं किंवा विशेष रजा द्यावी अशी मागणी करू नका, ती मान्य होत नाही. दस्त दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर मुख्यालय सोडण्याची परवानगी त्याच अर्जात मागा. खाजगी दुकानं, आयटी कंपन्या, कार्यालयं यांत 20 किंवा जास्त कामगार असतील तर 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाला 8 दिवस पगारी नैमित्तिक रजा मिळते. पण ती तिमाहीप्रमाणे खात्यात जमा होते. फेब्रुवारीत दस्त असेल तर तुमच्या खात्यात 8 नाही, 2 दिवस असतात, आणि त्यातला एक सर्दी-तापात गेलेला असतो. अर्ध्या दिवसाची सोय कंपनीच्या धोरणातून येते, म्हणून ते आधी वाचा. कारखान्यातल्या कामगारांचे रजेचे नियम वेगळे आहेत, त्यांनी वरचे आकडे धरू नयेत.

सरकारी नोकरांसाठी एक जास्तीची अडचण आहे आणि ती ऐनवेळी कळते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावाने स्थावर मालमत्ता घेण्या-विकण्याआधी कार्यालयाला कळवावं लागतं. रजेच्या अर्जात ‘सदनिका खरेदी दस्त नोंदणी’ लिहिलं की आस्थापना शाखा विचारते, पूर्वसूचना कुठे आहे? ती दिलेली नसेल तर रजेचा साधा अर्ज टेबलावरच अडकतो. म्हणून पूर्वसूचना आधी द्या, पोच घ्या, आणि रजेच्या अर्जात त्या पत्राची तारीख टाका. कारण लपवून ‘घरगुती काम’ लिहिण्याचा सल्ला काही जण देतात; तो ऐकू नका, दस्त नोंदला की तारीख कायमची कागदावर येते.

आता त्या कागदाकडे येऊ. रजेच्या अर्जाला स्लॉटची प्रत जोडा, पण ती एका दस्ताला एकच असते, प्रत्येक पक्षकाराच्या नावाने वेगळी निघत नाही. दस्त सादर केल्यावर मिळणाऱ्या पावतीवर ‘सादर करणाराचे नाव’ असतं, तेही एकच. तिथेच खाली छापलेलं असतं की मूळ दस्त, थंबनेल प्रिंट आणि सूची-2 अंदाजे अमुक वाजता मिळेल. ज्याच्या नावाने पावती आहे त्याचं काम या कागदावर भागतं. बाकीच्यांचं काय?

त्यांच्यासाठी दस्ताच्या शेवटी जोडलेला गोषवारा भाग-2 आहे. त्यात प्रत्येक पक्षकाराचं नाव, फोटो, अंगठ्याचा ठसा असतो, ओळख पटवणाऱ्यांचेही असतात, आणि खाली ‘शिक्का क्र. 3 ची वेळ’ म्हणून कबुलीची तारीख-वेळ मिनिट-सेकंदासकट छापलेली असते. शिक्का क्र. 4 ओळख पटवल्याचा. यापेक्षा पक्का हजेरीचा पुरावा कोणतंही प्रमाणपत्र देऊ शकणार नाही, पण मनुष्यबळ विभागाला तो दाखवून समजवावा लागतो. ओळख पटवायला गेलेल्या सहकाऱ्यालाही हेच पान चालतं. देताना काळजी घ्या. फक्त हे एक पान द्या, त्यावरचे सगळ्यांचे पॅन क्रमांक झाकून. सूची-2 देऊ नका. त्यावर मोबदल्याची रक्कम असते आणि ती तुमच्या साहेबांना कळायचं काही कारण नाही.

एक उदाहरण पूर्ण पाहू. नवरा-बायको मिळून पुण्यात जुना फ्लॅट घेत आहेत. नवरा खाजगी कंपनीत, बायको तहसील कार्यालयात. करारावर सगळ्यांच्या सह्या 10 जूनला झाल्या आहेत. डेटा एंट्री नवऱ्याने केली, दस्त तोच सादर करणार, कर्ज आहे, स्लॉट सकाळचा पहिला. नवरा पूर्ण दिवस नैमित्तिक रजा टाकतो, सोबत स्लॉटची प्रत, आणि आल्यावर पावती देतो. बायकोने पूर्वसूचना मे महिन्यातच दिली आहे. तिचा अर्ज असा असावा:

‘माझ्या व पतीच्या नावे सदनिका खरेदीच्या दस्ताची नोंदणी दि. … रोजी सह दुय्यम निबंधक, हवेली क्र. … यांच्याकडे असून सकाळी … चा स्लॉट मिळाला आहे (प्रत सोबत). स्लॉट पतीच्या डेटा एंट्रीवर असून मी सहखरेदीदार आहे. मालमत्ता खरेदीची पूर्वसूचना दि. … च्या पत्रान्वये दिली आहे. सकाळच्या सत्राची अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा मंजूर व्हावी. काम लांबल्यास संपूर्ण दिवसाची नैमित्तिक रजा धरावी. रुजू झाल्यावर गोषवारा भाग-2 ची प्रत सादर करीन.’

तिने अर्ध्या दिवसाची मागितली कारण तिची कबुली झाली, फोटो-ठसा झाला की ती निघू शकते. मूळ दस्त आणि सूची-2 घ्यायला नवरा थांबेल. ‘काम लांबल्यास’ हे वाक्य विसरू नका, सर्व्हर बसला तर तेच वाचवतं.

आणि तिची रजा नामंजूरच झाली तर? इथे मुदत चुकीची वाचली जाते. दस्त सादर करायला सहीच्या तारखेपासून 4 महिने असतात, चलन भरल्याच्या तारखेपासून नाही आणि स्लॉट घेतल्याच्या तारखेपासून तर मुळीच नाही. या उदाहरणात ऑक्टोबरचा पहिला आठवडा ही शेवटची रेघ समजा. सगळ्या पक्षकारांनी एकाच दिवशी यायला हवं असंही नाही. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 34 प्रमाणे पक्षकार वेगवेगळ्या वेळी हजर राहू शकतात, म्हणजे नवरा आणि विक्रेता ठरल्या दिवशी दस्त सादर करून कबुली देतील, बायको मुदतीच्या आत दुसऱ्या दिवशी येऊन देईल. तोवर दस्त पूर्ण होत नाही आणि बँक त्यासाठी थांबेल की नाही हे आधी विचारायला हवं. काही कार्यालयांत ‘सगळे एकदम आणा’ असं सांगून परत पाठवतात; कलम 34 चा उल्लेख करून दुय्यम निबंधकांशी स्वतः बोला, खिडकीवरच्या उत्तरावर माघारी फिरू नका. 4 महिने उलटलेच तर आणखी 4 महिन्यांपर्यंत दंड भरून नोंदणी मागता येते, पण तो दंड नोंदणी फीच्या 10 पटीपर्यंत जाऊ शकतो. अर्ध्या दिवसाची रजा वाचवायला कोणी तो भरू नये.

‘तुझ्याऐवजी मी सही करतो, नोटरी करून दे’ असं घरातलं कोणी म्हणेल. भारतात राहणाऱ्याच्या वतीने दस्त सादर करायला किंवा कबुली द्यायला नुसतं नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र चालत नाही, ते निबंधकाकडेच करावं लागतं. म्हणजे त्यासाठी पुन्हा एक स्लॉट आणि पुन्हा एक रजा.