डोमेनची सेटिंग बदलली, तरी जुनीच साइट का दिसते?

इंटरनेटच्या आधी अर्पानेट होतं, तेव्हा नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते HOSTS.TXT नावाच्या एकाच फाइलमध्ये असत. ही फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची. बदल हवा असेल तर तिथे कळवायचं, आणि बाकीच्यांनी नवी फाइल अधूनमधून उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली.

1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा, आराखडा मांडला. आता प्रत्येकाने आपली नोंद आपल्याच नेमसर्व्हरवर, म्हणजे अशा नोंदी सांगणाऱ्या सर्व्हरवर, ठेवायची होती. पण दर वेळी जगभरातून तिथेच विचारणा झाली असती, तर तो सर्व्हर दमला असता. म्हणून उत्तरासोबत एक मुदत द्यायचं ठरलं, टीटीएल, सेकंदांत मोजलेली. आपल्या वतीने पत्ता विचारून आणणाऱ्या सर्व्हरने, म्हणजे रिझॉल्व्हरने, तेवढा वेळ उत्तर स्वतःजवळ ठेवायचं आणि पुन्हा विचारायचं नाही. आपल्याला तासन्‌तास थांबावं लागतं ते या तडजोडीमुळे. त्याला ‘प्रोपगेशन’ म्हणतात, पण ते नाव दिशाभूल करतं. नवा पत्ता कुठे पसरत जात नाही, जुन्या प्रतींची मुदत संपत जाते, इतकंच.

समजा टीटीएल 86400 आहे, म्हणजे 24 तास, आणि तुम्ही सोमवारी सकाळी 11 वाजता पत्ता बदललात. एखाद्या रिझॉल्व्हरने 10:55 ला विचारलं असेल, तर तो मंगळवारी 10:55 पर्यंत जुनाच पत्ता सांगणार. शेजारच्याचा रिझॉल्व्हर 11:05 ला पहिल्यांदा विचारेल आणि त्याला लगेच नवी साइट दिसेल. 11 वाजता टीटीएल 300 केलात तरी उपयोग नाही, कारण जुन्या प्रतीवर जुनीच मुदत आहे. ती रविवारी 11 च्या आधीच कमी करायला हवी होती. बदलाआधी टीटीएल उतरवा आणि नंतर पूर्ववत करा, हे डीएनएसच्या 1987 च्या पायाभूत दस्तऐवजातच, आरएफसी 1034 मध्ये, लिहिलेलं आहे. इतका सोपा उपाय आजही कितीतरी जणांपर्यंत पोचलेला नाही, याचं वाईट वाटतं.

नेमसर्व्हरच बदलत असाल तर गोष्ट वेगळी. तुमचे नेमसर्व्हर कोणते, हे सांगणाऱ्या नोंदीची मुदत .com च्या सर्व्हरवर 172800 सेकंद असते. ‘48 तास थांबा’ म्हणतात ते बहुधा यावरूनच, आणि ही मुदत तुमच्या हातात नसते.

प्रगती बघायची तर दोन ठिकाणी विचारा, आधी स्वतःच्या नेमसर्व्हरला, मग एखाद्या सार्वजनिक रिझॉल्व्हरला. टर्मिनलमध्ये या आज्ञा चालवा, स्वतःचं डोमेन आणि नेमसर्व्हर घालून:

```
dig example.com A @ns1.example.com +noall +answer
dig example.com A @8.8.8.8 +noall +answer
```

दुसऱ्याचं उत्तर असं आलं, तर:

```
example.com.  2710  IN  A  192.0.2.10
```

2710 म्हणजे ही प्रत अजून साधारण 45 मिनिटं टिकणार. मोठ्या रिझॉल्व्हरच्या पोटात अनेक साठे असतात, त्यामुळे पुन्हा विचारल्यावर आकडा मागेपुढे होईल, त्याने गोंधळू नका. पहिल्याच आज्ञेला जुना पत्ता आला, तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही. नवी नोंद नीट जतन झालेली नाही, किंवा तुम्ही भलत्याच नेमसर्व्हरवर ती बदलली आहे.