सगळ्या पंचांगांत तिथी सारखी, मग काही घरांत गणपती महिनाभर आधी कसा?

भाचीने परवा पंचांग उघडून विचारलं, मामा, तिथीपुढे २५:४० का लिहिलंय, एवढे तास असतात का? म्हटलं असतात, पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, म्हणून २५:४० म्हणजे मध्यरात्रीनंतर १ वाजून ४० मिनिटं, आणि तो आकडा तिथी संपण्याचा, सुरू होण्याचा नाही. आधी हेच घटी-पळांत असायचं, दिवसाच्या ६० घटी.

आता खरा गुंता. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे जायला लागणारा वेळ. दोघांमधलं अंतर मोजायचं, त्यामुळे मोजायला सुरुवात कुठून केली याने काही फरक पडत नाही. नक्षत्राचं तसं नाही. राशीचक्राचा शून्य अंश कुठे धरायचा हे आधी ठरवावं लागतं आणि तिथेच अयनांशाचा वाद. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो तो बिंदू, दरवर्षी साधारण ५० विकला म्हणजे अंशाच्या बहात्तराव्या भागाएवढा मागे सरकतो, तो ताऱ्यांच्या त्या शून्यापासून किती सरकला तो आकडा म्हणजे अयनांश.

आपल्याकडे १५२० च्या ग्रहलाघव या ग्रंथावरून शेकडो वर्षं गणित चाललं, पुढे ग्रहणं आणि ग्रह आकाशाशी जुळेनात, मग दुरुस्ती करायची यावर बहुतेकांचं एकमत झालं पण शून्य कुठला यावर नाही. एक पक्ष चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरतो, दुसरा रेवतीचा एक बारीक तारा. दोघांत साधारण ४ अंशांचा फरक. १९५० च्या दशकात सरकारी समितीने चित्रा पक्ष घेतला, २१ मार्च १९५६ ला अयनांश २३ अंश १५ कला धरले, आणि माझ्या मते त्यात शास्त्रापेक्षा सोय जास्त होती, कारण देशभर बरीच पंचांगं आधीच त्याच्या आसपास होती. रेवतीवाले काही ऐकले नाहीत.

४ अंश म्हणजे चंद्राला सात-एक तास, त्यामुळे नक्षत्राच्या वेळा हलतात, पण सूर्याला ४ दिवस लागतात आणि तिथे महिनाच हलतो. २०२३ घ्या. १६ ऑगस्टला अमावास्या संपली. चांद्रमहिन्याला नाव मिळतं ते त्यात सूर्य कुठल्या राशीत शिरतो त्यावरून, त्या शिरण्यालाच संक्रांत म्हणतात. चित्रा पक्षाने सूर्य सिंहेत गेला १७ ला, म्हणजे त्या चांद्रमहिन्यात संक्रांत पडलीच नाही, म्हणून तो अधिक श्रावण. रेवतीच्या हिशेबाने सूर्य १३ च्या सुमारासच सिंहेत, मग तो साधाच श्रावण आणि पुढचा भाद्रपद. म्हणून ज्या घरांत रेवतीचं पंचांग चालतं त्यांची चतुर्थी २० ऑगस्टला, बाकीच्यांची १९ सप्टेंबरला. तिथी दोघांकडेही चतुर्थीच, फक्त महिन्याचं नाव वेगळं.

राहुकाळाला तिने उगाच जास्त वेळ दिला, तो दिनमानाचा आठवा भाग, वारानुसार जागा बदलतो, बस.

मग विचारते, आपल्याकडे कुठलं पंचांग? म्हटलं आजीला विचार, तिने किराणावाल्याने दिलेलं लावलंय.