स्वच्छ रिसेप्शन की ऑपरेशन थिएटरचा पॅसेज?

जळगावातल्या नव्या क्लिनिकच्या ब्रँडसाठी रिसेप्शनचं थ्रीडी चित्र करून घ्यायचं ठरलं, की डिझायनरला बहुतेक वेळा असं लिहून जातं: ‘मॉडर्न रिसेप्शन, पांढऱ्या भिंती, चकचकीत फरशी, भरपूर उजेड, एकदम स्वच्छ.’ आणि हातात येतं ऑपरेशन थिएटरबाहेरच्या पॅसेजचं चित्र. आपण लिहिलं तेच डिझायनरने काढलेलं असतं.

पांढरा रंग, मोकळी जागा, धुळीचा कण नाही, हे दोन्हीकडे सारखंच. खरा फरक उजेडाचा. छतावरून सगळीकडे एकसारखा पडणारा, ६५०० केल्व्हिनच्या ट्यूबसारखा निळसर उजेड सावल्या पुसून टाकतो. मग भिंत, टेबल, माणसाचा चेहरा, सगळं सपाट आणि फिकट दिसतं. त्यातून चकचकीत फरशीत त्याच ट्यूबच्या रेघा उमटतात, म्हणजे थंडपणा दुप्पट. म्हणून ‘भरपूर उजेड’ न लिहिता तो कुठून येतो ते लिहावं. उदाहरणार्थ:

‘सकाळी दहाची वेळ. डावीकडच्या मोठ्या खिडकीतून पातळ पडद्यातून गाळून आलेला मऊ उजेड. काउंटरवर ३००० केल्व्हिनचा, पिवळसर उजेडाचा एक लटकता दिवा. भिंती किंचित पिवळसर झाक असलेल्या पांढऱ्या, मॅट. फरशी फिकट वाळूच्या रंगाची, न चमकणारी. काउंटरला सागवानी रंगाचं लॅमिनेट. खुर्च्यांखाली मऊ सावली.’

पडदा इथे शोभेसाठी नाही. खान्देशातलं मे महिन्यातलं ऊन थेट आत घेतलं तर भिंतीवर पांढरा चट्टा पडतो आणि बाकीची खोली काळवंडते. फोटो काढायचा असेल तर आणखी एक अडचण: खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा यांचे रंग वेगळे असल्याने कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स एकाला जुळवला की दुसरा बिघडतो. दिवा छोटा आणि काउंटरपुरता ठेवला तर त्याचा पिवळेपणा खटकत नाही.

‘निर्जंतुक वाटू नये’ असं नुसतं लिहून उपयोग नाही, कारण त्यातून काय काढायचं ते कळत नाही. त्याऐवजी वापराच्या दोन-तीन खुणा द्याव्यात: दाराशी चपलांचा स्टँड, कोपऱ्यात पाण्याचा माठ, आजींच्या शेजारच्या खुर्चीवर टेकवलेली कापडी पिशवी. गावाहून पेशंटबरोबर दोन नातेवाईक येतात, तेव्हा खुर्च्याही सुट्या-सुट्या न ठेवता तीन-तीनच्या गटात हव्यात. केळीची कुंडी मात्र नको. पान मोठं असल्याने नजर तिकडेच जाते आणि क्लिनिक कृषी सेवा केंद्र वाटू लागतं.

दुसऱ्या टोकालाही जाता येतं. गालिचा, मखमली सोफा, मेणबत्त्या घातल्या की स्पा होतो आणि ‘हे पुसतात कसं?’ हा प्रश्न उभा राहतो. बसायला रेक्झिन किंवा मोल्डेड खुर्ची, काउंटरवर सॅनिटायझरची एकच बाटली. पोस्टर आणि सूचनांचे कागद चित्रात नकोत.