दुपटीने वाढणारा अ‍ॅरे: तीन एककांचा हिशेब

अ‍ॅरेचे घटक मेमरीत एकमेकांना लागून असतात, त्यामुळे अ‍ॅरे भरल्यावर पुढची जागा मोकळी असेलच असे नाही. अशा वेळी दुप्पट क्षमतेचा नवा अ‍ॅरे घेऊन जुने सारे घटक त्यात उतरवावे लागतात. दहा लाख घटकांनी भरलेल्या अ‍ॅरेत आणखी एक घटक जोडायचा, तर त्या एका कामासाठी दहा लाख नकला कराव्या लागतील. तरीही घटक जोडण्याचा खर्च स्थिर मानतात, आणि ते योग्यच आहे.

क्षमता 1 पासून सुरुवात करून 17 घटक जोडू. एक घटक लिहिणे किंवा हलवणे याला एक एकक खर्च धरू. दुसरा, तिसरा, पाचवा, नववा आणि सतरावा घटक येताना अ‍ॅरे भरलेला असतो, म्हणून 1 + 2 + 4 + 8 + 16 = 31 नकला होतात; 17 लेखने धरून एकूण 48 एकके, म्हणजे प्रत्येक घटकामागे तीनपेक्षा कमी.

हे तीन कुठून आले, हे जमाखर्चाच्या पद्धतीने स्पष्ट होते. प्रत्येक नव्या घटकाकडून तीन एकके घ्यावीत: एक लगेच लिहिण्यासाठी खर्च होते, दोन शिल्लक राहतात. क्षमता 16 झाली तेव्हा आठ जुने घटक आहेत आणि त्यांची शिल्लक संपलेली आहे असे धरू. नंतरचे आठ घटक मिळून 16 एकके साठवतात, आणि सतरावा घटक येतो तेव्हा नेमके 16 घटक हलवायचे असतात. प्रत्येक नवा घटक आपल्या स्थलांतराबरोबर एका जुन्या घटकाचाही खर्च उचलतो, म्हणून शिल्लक कधीच ऋण होत नाही. रॉबर्ट टार्जन यांनी 1985 मध्ये या विचारपद्धतीला अ‍ॅमॉर्टाइज्ड विश्लेषण म्हणून नेमके रूप दिले. येथे संभाव्यतेचा संबंध नाही. ही हमी घटक जोडण्याच्या प्रत्येक क्रमाला लागू आहे. मात्र ती एकूण खर्चाची आहे, एकेका कृतीच्या वेळेची नाही. जिथे प्रत्येक कृती ठरावीक वेळेतच व्हायला हवी, तिथे ती पुरत नाही.

दुपटीऐवजी दर वेळी दहाच जागा वाढवल्या तर हा हिशेब कोलमडतो, कारण स्थलांतराचा बोजा वाढत जातो, पण दोन स्थलांतरांमधली बचत तेवढीच राहते. दहा लाख घटकांसाठी सुमारे पाच हजार कोटी नकला होतील. दुपटीने त्या साडेदहा लाखांच्या आसपास राहतात. दोन हाच गुणक लागतो असे नाही: जावाची ArrayList साधारण दीडपटीने वाढते. एकाहून मोठा कोणताही ठरावीक गुणक चालतो, फक्त तीनऐवजी दुसरा स्थिरांक येतो.

घटक काढतानाही जागा परत करायची असेल, तर एक सापळा आहे. अर्धी जागा रिकामी होताच क्षमता निम्मी केली, तर 16 घटकांच्या भरलेल्या अ‍ॅरेत एक जोडणे, एक काढणे, पुन्हा जोडणे असा क्रम चालू ठेवल्यास प्रत्येक कृतीला 16 नकला पडतील. म्हणून चतुर्थांशच भाग उरल्यावर क्षमता निम्मी करतात: 32 जागांचा अ‍ॅरे आठ घटक उरल्यावर 16 जागांचा होतो, आणि पुढच्या स्थलांतराआधी किमान चार घटक काढावे तरी लागतात किंवा आठहून अधिक जोडावे तरी लागतात.